बिलिंग सॉफ्टवेअर: १९ महिने वापरल्यानंतरचा अनुभव, आणि बिलं बंद पडली तो सोमवार

आमचं बार्शीला पाईप, फिटिंग, मोटार आणि ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. एप्रिल २०२४ मध्ये जुनं हाताचं बिलबुक सोडून एका स्थानिक विक्रेत्याकडून बिलिंगचं सॉफ्टवेअर घेतलं. नाव लिहीत नाही, कारण अशी सॉफ्टवेअरं जिल्ह्याजिल्ह्यात वेगवेगळ्या नावांनी चालतात आणि आतून बरीचशी सारखीच असतात. त्यातली बरीचशी व्हिज्युअल फॉक्सप्रो या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली असतात. तुमचंही तसलं आहे का हे पाहायचं असेल, तर त्याच्या फोल्डरमध्ये `vfp9r.dll` नावाची फाईल शोधा.

चांगलं आधी सांगतो. वेग. माउसला हात न लावता वीस ओळींचं बिल दोन मिनिटांत निघतं. इंटरनेट नसलं तरी अडत नाही, जुन्या संगणकावर चालतं. २२ सप्टेंबर २०२५ ला ठिबकचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा मालाचा गट निवडून दर एकदम बदलता आला, आदल्या तारखेची बिलं जुन्याच दरात राहिली. पार्टीची उधारी, येणं-देणं, सगळं एका बटणावर. या बाबतीत मी समाधानी आहे.

तक्रार एकच आहे आणि ती फोल्डरची आहे. ती नीट कळावी म्हणून ९ नोव्हेंबरच्या रविवारी काय झालं ते सांगावं लागेल.

दिवाळीनंतर एक शेतकरी मागच्या वर्षीच्या मोटारीचं बिल मागायला आला. वॉरंटीसाठी हवं होतं. बिलाची पीडीएफ काढलेली होती, पण ती कुठे ठेवली ते सापडेना. अर्धा तास गेला. थोरला मुलगा अकरावीला आहे, तो शेजारी उभा राहून पाहत होता. म्हणाला, "बाबा, हा फोल्डर केवढा विस्कटलाय. रविवारी मी लावून देतो." मी हो म्हणालो. त्यानं विचारलं होतं, परवानगी माझी होती.

त्या `D:\HISHOB` फोल्डरमध्ये काय होतं ते सांगतो. प्रोग्राम, त्याच्या मदतीच्या फायली, बिलांच्या पीडीएफ आणि आमचा सगळा हिशोब एकाच ठिकाणी. आत `0001` नावाचा फोल्डर, त्यात `2425` आणि `2526` असे वर्षांचे दोन. `ITEM`, `PARTY`, `SALE` या नावांच्या प्रत्येकी तीन-तीन फायली, आणि त्या दोन्ही वर्षांत त्याच नावांनी. शाळेत संगणक शिकलेल्या मुलाला हा पसारा वाटला यात नवल नाही. त्याला जे शिकवलं होतं तेच त्यानं केलं: फायली प्रकारानुसार वेगळ्या केल्या. `.dbf` एका फोल्डरमध्ये, `.cdx` दुसऱ्यात, `.fpt` तिसऱ्यात, `.dll` चौथ्यात, पीडीएफ महिन्यांप्रमाणे. रिकामे झालेले फोल्डर काढून टाकले. प्रोग्रामची मुख्य फाईल मात्र जागच्या जागी ठेवली, कारण ती उघडायची असते हे त्याला माहीत होतं. पीडीएफचं काम त्यानं इतकं सुंदर केलं होतं की ती मांडणी आजही तशीच ठेवली आहे.

सोमवारी सकाळी साडेनऊला दुकान उघडलं, आयकॉनवर दोनदा टिचकी मारली आणि हे आलं:

```
Cannot locate the Microsoft Visual FoxPro support library.
```

११ तारखेला जीएसटीआर-१ भरायचा होता. दिवाणजी काउंटरवर, समोर चार गिऱ्हाइकं. मुलगा कॉलेजला जायला निघाला होता, तो तसाच परत आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी त्याला काही बोललो नाही. बोलायला सुचलंही नाही.

त्यानं आठवून `.dll` फायली परत आणल्या. मग दुसरा संदेश: `File 'party.dbf' does not exist.` `.dbf` परत आणल्या, तर तिसरा: `Structural .CDX file is not found.` इथे त्यानं हात थांबवला आणि ते फार बरं केलं. असा प्रोग्राम एका वेळी एकच हरवलेली वस्तू सांगतो. ती दिली की पुढची मागतो. एकूण किती हरवलंय ते शेवटपर्यंत सांगत नाही, त्यामुळे माणूस दर वेळी "आता एवढंच राहिलं" म्हणत अंदाजानं फायली टाकत जातो.

सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला. त्यांचा माणूस बुधवारी येणार होता, आणि फोनवर सल्ला मिळाला की पेनड्राइव्हवरचा बॅकअप सगळा वरून कॉपी करा. तसं केलं असतं तर शुक्रवार आणि शनिवारची ८७ बिलं गेली असती, कारण शेवटचा बॅकअप गुरुवार रात्रीचा होता.

संध्याकाळी सोलापूरहून भाचा आला, तो संगणक दुरुस्तीचं काम करतो. त्यानं पहिली गोष्ट केली ती म्हणजे विस्कटलेला `HISHOB` फोल्डर जसाच्या तसा दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करून ठेवला. मग म्हणाला, "मामा, काहीच हरवलेलं नाही. फक्त घर मोडून सामान प्रकारवार लावलंय. सगळ्या चमच्या एका खोलीत, सगळी ताटं दुसरीत."

मग त्यानं आम्हा बापलेकाला बसवून समजावलं. `.dbf` म्हणजे प्रत्यक्ष नोंदींचा तक्ता. `.cdx` म्हणजे त्याची अनुक्रमणिका, जिच्यामुळे पार्टीचं नाव टाइप करताच ती समोर येते. `.fpt` मध्ये लांबलचक मजकूर असतो, आमच्याकडे तो पत्ता आणि शेरा. तिन्हींचं नाव एकच आणि जागाही एकच असावी लागते, कारण `PARTY.DBF` उघडताना प्रोग्राम शेजारीच `PARTY.CDX` आणि `PARTY.FPT` शोधतो. अनुक्रमणिका हरवली तर री-इंडेक्सच्या मेनूतून पुन्हा तयार होते. `.fpt` हरवली किंवा चुकीची जोडली गेली तर तो मजकूर कुठूनच तयार होत नाही.

खरी अडचण वेगळीच होती. दोन्ही वर्षांच्या फायलींची नावं सारखी, त्यामुळे एका फोल्डरमध्ये आणताना विंडोजनं विचारलं होतं की बदलू, सोडू की दोन्ही ठेवू. मुलानं दोन्ही ठेवल्या. "बदला" म्हणाला असता तर एक वर्ष पुसलं गेलं असतं. त्यानं दोन्ही ठेवल्या म्हणूनच आज हे शांतपणे लिहितोय. पण त्यामुळे `SALE.DBF` आणि `SALE (2).DBF` अशा जोड्या झाल्या, आणि कुठली कुठल्या वर्षाची ते नावावरून कळेना.

इथे भाच्यानं जे केलं ते प्रत्येक दुकानदारानं लक्षात ठेवण्यासारखं आहे. २४-२५ चं वर्ष बंद झालेलं होतं, गुरुवारनंतर त्यात एकही नोंद झालेली नव्हती. म्हणून ते वर्ष ढिगातून निवडत न बसता बॅकअपमधून पूर्ण उचललं. फक्त चालू वर्ष ढिगातून घ्यायचं राहिलं. फाईल हलवली तरी तिच्या बदलाची तारीख तीच राहते, त्यामुळे शनिवार ८ नोव्हेंबरची तारीख असलेली फाईल ती चालू वर्षाची. खात्रीसाठी कॉपीतली `SALE` लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडून शेवटचं बिल पाहिलं. शनिवारचंच होतं. ज्या फायली महिनोन्महिने बदलल्याच नव्हत्या त्या बॅकअपमधल्या `2526` शी तारीख आणि आकारावरून जुळवल्या. कुठली फाईल कुठे बसते याचा नकाशा म्हणून त्यानं बॅकअपची यादी काढून घेतली होती:

```
dir /s /b E:\HISHOB > D:\yadi.txt
```

मुलगा ती यादी वाचत होता, भाचा फायली ठेवत होता, नावामागचं `(2)` काढत होता. रात्री पावणेदहाला प्रोग्राम सुरू झाला. री-इंडेक्स केलं. शेवटचा बिल नंबर दिवाणजींच्या कच्च्या वहीशी जुळला, पाच मोठ्या पार्ट्यांची बाकी जुळली. पण बिल छापायला गेलो तर पुन्हा अडलं: `Cannot create file d:\hishob\print\bill.txt.`

यादीत `PRINT` नावाचं काहीच नव्हतं. भाचाही थांबला. तेवढ्यात मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, त्या नावाचा एक फोल्डर होता. आधीपासूनच रिकामा होता, म्हणून मी तोही डिलीट केला." रिसायकल बिनमध्ये तो सापडला. परत आणताच प्रिंटरनं कागद ओढला. प्रोग्राम प्रत्येक बिल छापण्याआधी क्षणभर त्या फोल्डरमध्ये उतरवतो आणि छापून झालं की पुसतो. म्हणून तो कायम रिकामा दिसतो.

मग बॅकअपच्या यादीत तो का नव्हता? तर सॉफ्टवेअर बसवणाऱ्या माणसानं बॅकअपसाठी जी आज्ञा लिहून दिली होती, तिच्यात `/S` होतं. ते उपफोल्डर घेतं, पण रिकामे सोडून देतं. `/E` लिहिलं की रिकामेही येतात. आता आमची आज्ञा अशी आहे, आणि ती गुरुवारी नाही, रोज रात्री चालते. वारानुसार सात पेनड्राइव्ह ठेवले आहेत:

```
xcopy D:\HISHOB E:\HISHOB /E /H /R /I /Y /D
```

त्या दिवशी हातानं ११ बिलं फाडली. त्यांना `H/1` पासून वेगळी मालिका दिली. नियमात वेगळी मालिका चालते, फक्त प्रत्येक मालिकेत नंबर सलग हवेत आणि वर्षभरात एकही नंबर दुसऱ्यांदा यायला नको. मंगळवारी दुपारी ती बिलं चढवली आणि रिटर्न वेळेत गेलं.

आता माझी तक्रार. दुकानाचा हिशोब आणि प्रोग्रामचे सुटे भाग एकाच उघड्या फोल्डरमध्ये ठेवणं, पीडीएफही तिथेच टाकणं, आणि "इथे हात लावू नका" अशी एक ओळही न लिहिणं, ही बनवणाऱ्याची चूक आहे. मुलाची नाही. दुकानात मी नसलो तर दिवाणजी असतात, ते नसले तर मुलं असतात. जीएसटीच्या कायद्यानं हिशोब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचा आहे. इतकी वर्षं तो फोल्डर कुणाच्याच हाताला लागणार नाही असं धरून चालणं बरोबर नाही. बुधवारी माणूस आला तेव्हा त्याला दोन कामं करायला लावली. पीडीएफचा मार्ग सेटिंगमधून बदलून `D:\BILL_PDF` केला, आणि `HISHOB` लपवलेला फोल्डर केला. दहा मिनिटांचं काम, पहिल्याच दिवशी करता आलं असतं.

सॉफ्टवेअर बदललेलं नाही, वापरतोय. घेणार असाल तर बसवणाऱ्याला समोर बसवून विचारा की पीडीएफ कुठे पडतात, डेटा कुठे आहे, आणि बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून, त्यातून एक बिल छापून दाखवतोस का. आमच्याकडे आता महिन्यातून एकदा मुलगाच ते करतो. घरच्या लॅपटॉपवर बॅकअप उतरवतो, एक बिल छापतो आणि त्यावर तारीख टाकून फाईलला लावतो. नोव्हेंबरचा कागद लागला आहे.