दुकानदार म्हणाला ‘डिस्क कोरीच आली होती’

वडिलांनी जमवलेले सातबारे आणि फेरफार आम्ही स्कॅन करून २ टीबीच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवले होते, गट क्रमांकानुसार फोल्डर लावून. एके दिवशी डिस्क उघडेना. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये `Unknown, Not Initialized` आणि पुढे `1863.02 GB Unallocated` असं दिसलं, म्हणून स्क्रीनचा फोटो काढून ती दुरुस्तीच्या दुकानात दिली.

डिस्क परत मिळाली तेव्हा तिच्यावर `recup_dir.1`, `recup_dir.2` अशी फोल्डरं आणि आत `f1523968.jpg` छापाच्या नावांची हजारो चित्रं होती. कोणता कागद कुठल्या गटाचा, काही कळेना. ‘लॅबमधून रिकव्हरी’ म्हणून बारा हजार घेतले. नावं कुठे गेली विचारल्यावर उत्तर आलं, डिस्क कोरीच आली होती.

दुसऱ्या जाणकाराने डिस्क तपासली तेव्हा खरं बाहेर आलं. फोल्डरांची ती नावं फोटोरेक या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरची असतात. आणि फॉरमॅटनंतर विंडोज नव्याने बनवतं त्या `System Volume Information` या लपलेल्या फोल्डरची तारीख डिस्क दुकानात असतानाची होती. म्हणजे तिथेच आधी इनिशिअलाइझ, मग क्विक फॉरमॅट, आणि शोधलेल्या फायली त्याच डिस्कवर!

नुसतं इनिशिअलाइझ केल्याने फायली पुसल्या जात नाहीत. डिस्कच्या सुरुवातीला विभागांचा नवा, रिकामा तक्ता लिहिला जातो. तक्त्याचा जीपीटी हा प्रकार निवडला तर त्याची प्रत डिस्कच्या शेवटीही जाते. फायलींचा विभाग साधारण १ एमबीनंतर सुरू होतो, त्यामुळे तो तसाच राहतो. तेवढ्यावर थांबले असते तर टेस्टडिस्क या विभाग शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने जुना विभाग सापडून फोल्डर नावांसकट परत येण्याची चांगली शक्यता होती. क्विक फॉरमॅटने फायलींची नवी सूची बहुतेकदा जुन्या सूचीच्याच जागी सुरू होते. सुरुवातीच्या थोड्या नोंदी जातात, बाकीच्या तरीही उरतात. पण हजारो फायली त्याच डिस्कवर लिहिल्या की प्रत्येकीची नोंद जुन्या नोंदीवर चढते. आमच्या गटांची नावं तिथे गेली. याचाच मला सगळ्यात जास्त संताप आहे.

तुमच्याकडे ही पाटी आली तर इनिशिअलाइझ विचारणारी खिडकी `Cancel` करा आणि आधी केबल, पोर्ट बदलून पाहा. आकार बरोबर दिसत असेल तर डिस्कची सेक्टर-सेक्टर, म्हणजे रिकाम्या दिसणाऱ्या जागेसकट जशीच्या तशी, प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून शोध त्या प्रतीवरच घ्यायचा. आकारच दिसत नसेल किंवा डिस्क टकटक वाजत असेल तर बिघाड आतला असू शकतो; ती पुन्हा पुन्हा चालू करू नका. दुकानात देताना पावतीवर ‘मूळ डिस्कवर काहीही लिहायचं नाही, डेटा वेगळ्या डिस्कवर द्यायचा’ असं लिहून सही घ्या.

आमच्याकडे पहिल्या दिवशीचा फोटो आणि त्या फोल्डरची तारीख आहे. दोन्ही जोडून ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार दिली आहे.