दर आहे, पण कुठल्या तारखेचा? चलनदर आणणाऱ्या मॉड्यूलचा आठ महिन्यांचा अनुभव

बिलिंगच्या सॉफ्टवेअरबरोबर आलेलं हे मॉड्यूल युरोपीय मध्यवर्ती बँकेची (ईसीबी) रोजची फुकट फाइल उचलतं आणि दर टेबलात टाकतं. फाइल मिळाली नाही तर शेवटचा माहीत असलेला दर वापरतं. पहिले पाच महिने मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि महिन्याचं वर्गणीचं पॅकेज घ्यावं लागलं नाही म्हणून खूशही होते.

सहाव्या महिन्यात डॉलरचा दर अकरा दिवस जसाच्या तसा, चौथ्या दशांशापर्यंत तोच दिसला. खरा दर असा गोठत नाही. कारण शोधलं तर आमच्याच सर्व्हरपुढचा प्रॉक्सी फाइलऐवजी लॉगिनचं पान देत होता, तेही २०० या स्टेटसने. मॉड्यूलला वाटलं, विनंती यशस्वी झाली. पानात दर सापडले नाहीत, म्हणून त्याने जुना दर उचलला. इथवर मला मान्य आहे. पण त्या जुन्या दरावर त्याने रोज आजची तारीख घातली, हे मला अजूनही सहन होत नाही.

समजायला सोपे आकडे घेऊ. टेबलात एका युरोला १.१२ डॉलर राहिले आणि खरा दर १.१४ झाला. ४,००० डॉलरचं बिल ३,५७१.४३ युरो म्हणून नोंदलं गेलं, व्हायला हवं होतं ३,५०८.७७. एका बिलात ६२.६६ युरोंचा फरक पडला आणि टेबलात शंका यावी असं काहीच नव्हतं. शिवाय फाइल परत मिळू लागल्यावर मधले दिवस दुरुस्त झाले नाहीत, कारण त्या तारखांच्या ओळी आधीच भरलेल्या होत्या.

मदतकेंद्राचं उत्तर आलं, "दर उपलब्ध राहावा म्हणून रचनाच तशी आहे." मी तीन वेळा लिहिलं, तीनदा तेच उत्तर.

मग जुन्या नोंदी ईसीबीच्या फाइलशी ताडल्या आणि चित्र आणखी बिघडलं. ईसीबी कामकाजाच्या दिवशी मध्य युरोपच्या वेळेनुसार साधारण दुपारी ४ वाजता दर जाहीर करते. आमचं फाइल आणायचं काम सकाळी ६ ला चालायचं. म्हणजे सगळं सुरळीत असतानाही कालचा दर आजच्या तारखेने बसत होता, रोज. फाइलमध्ये तारीख स्पष्ट दिलेली असते:

```xml
<Cube time='2025-04-17'>
```

मॉड्यूल ती वाचतच नव्हतं, सर्व्हरचं घड्याळ वापरत होतं.

रागाच्या भरात मी ठरवलं होतं की २४ तासांहून जुना दर चालवायचाच नाही, बिल थांबवायचं. तो नियम मागच्या नोंदींवर चालवून पाहिला आणि मत बदललं. प्रत्येक शनिवार-रविवारी बिलं अडली असती. ईस्टरला तर गुरुवार, १७ एप्रिल २०२५ चा दर मंगळवार, २२ एप्रिलच्या दुपारपर्यंत चालतो, कारण गुड फ्रायडे आणि ईस्टर मंडे या दोन्ही दिवशी दर निघत नाहीत. त्या मंगळवारी सकाळी पाच दिवसांचा दर हाच सर्वात ताजा दर असतो. जुना दर वापरणं ही चूक नाहीच, त्याचं वय लपवणं ही चूक आहे.

आता माझ्या टेबलात `rate_date` फक्त फाइलमधून येते आणि फाइल कधी आणली ते `fetched_at` मध्ये वेगळं राहतं. जुन्या दराची नक्कल करून ओळ भरायची नाही. विचारतानाच मागे जायचं:

```sql
SELECT rate, rate_date FROM fx_rates
WHERE currency = 'USD' AND rate_date <= '2025-04-21'
ORDER BY rate_date DESC LIMIT 1;
```

उत्तर येतं १७ एप्रिलचं, आणि बिलावरही तीच तारीख छापली जाते. `rate_date` अपेक्षित कामाच्या दिवसाच्या मागे राहिली तर मला मेल येते. पाच दिवसांहून जुनी झाली तर बिल थांबतं.

हे वय प्रत्येक चलनासाठी वेगळं मोजा. रूबलचा दर ईसीबीने २ मार्च २०२२ पासून देणं थांबवलं. त्या दिवशी फाइल वेळेवर आली, बाकीची चलनं होती, फक्त रूबल नव्हता. फाइल मिळाली की नाही एवढंच तपासणारं मॉड्यूल १ मार्चचा दर अजूनही देत बसलं असतं.

गेल्या महिन्याच्या अपडेटमध्ये त्यांनी दराच्या तारखेचा रकाना दिला. नव्या नोंदी बरोबर येतात, त्यामुळे मॉड्यूल काढून टाकलं नाही. जुन्या ओळींना मात्र त्यांनी हात लावला नाही. मी त्या सगळ्या पुसल्या आणि ९० दिवसांच्या फाइलमधून भरल्या. त्याआधीच्या ओळींसाठी १९९९ पासूनची पूर्ण फाइल घेतली. दोन्ही फुकट आहेत. भरण्याआधी जुन्या टेबलाची प्रत ठेवा, कारण पाठवून झालेल्या बिलांवर कुठला दर लागला होता ते फक्त तिथेच सापडतं.