ऑनलाइन गेमच्या जिंकलेल्या रकमेवर डिफेक्टिव्ह रिटर्नची नोटीस: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

नाशिकला अंबड-सातपूरच्या कामगारांची रिटर्न भरून देतो. जुलैपासून आयकर पोर्टलवर ऑनलाइन गेमच्या नोटिसांना उत्तरं देतोय, त्यावरून हे लिहितोय.

बहुतेक नोटिसांचं मूळ एकच. खेळणारा बँकेत आलेल्या पैशांवरून हिशोब मांडतो आणि एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या वार्षिक माहिती पत्रकात, टीडीएस कापण्याआधीची रक्कम असते.

अंबडच्या एका पोराचं उदाहरण घ्या. 2024-25 मध्ये त्याने अ‍ॅपमध्ये 40,000 भरले आणि 1,00,000 काढले. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी शिल्लक शून्य. म्हणजे निव्वळ जिंकलेली रक्कम 60,000. त्यावर कलम 194BA खाली 30 टक्के, म्हणजे 18,000 टीडीएस गेला आणि बँकेत 82,000 आले. त्यातून भरलेले 40,000 वजा करून दुसऱ्या एकाने त्याच्या आयटीआर-1 मध्ये 42,000 'इतर उत्पन्न' दाखवलं, टीडीएस मात्र पूर्ण 18,000 मागितला. पगारामुळे तो 10 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये, त्यामुळे या रकमेवर 13,632 रुपयांचा रिफंड दिसला. मग कलम 139(9) ची, म्हणजे डिफेक्टिव्ह रिटर्नची नोटीस आली: टीडीएस मागितला, पण त्यामागचं उत्पन्न पूर्ण दाखवलेलं नाही.

पोर्टलबद्दल माझी खरी तक्रार इथे आहे. कोणती रक्कम जुळत नाही ते नोटिशीत धड लिहिलेलं नसतं, आपणच टीडीएसचा तपशील देणारा फॉर्म 26AS आणि एआयएस शेजारी ठेवून शोधायचं. मुदत मात्र 15 दिवसांची.

पुढचं काम सरळ आहे. e-Proceedings मध्ये Agree करायचं आणि आयटीआर-2 भरायचा, कारण हे उत्पन्न आयटीआर-1 मध्ये बसतच नाही. इतर उत्पन्नाच्या Schedule OS मध्ये ऑनलाइन गेमच्या कलम 115BBJ च्या ओळीत पूर्ण 60,000 टाकायचे. टीडीएसच्या तक्त्यातही त्या 18,000 समोर तेच 60,000 हवेत. ही ओळ लोक विसरतात आणि नोटीस पुन्हा येते. उत्तर एकदा सबमिट झालं की बदलता येत नाही, म्हणून दोन्ही आकडे आधी ताडून बघा.

रिफंड तर गेलाच, उलट 720 रुपये भरावे लागले. टीडीएसमध्ये 4 टक्के सेस धरलेला नसतो, करात असतो. या उत्पन्नातून खर्च किंवा दुसऱ्या अ‍ॅपवरचा तोटा वजा होत नाही, हे लोकांच्या गळी उतरवणं सगळ्यात अवघड जातं.

अ‍ॅपनेच आकडा चुकीचा कळवला असेल, तर एआयएसमधल्या फीडबॅकचा उपयोग होतो. पण पुरावा म्हणून अ‍ॅपचं वर्षाचं स्टेटमेंट हातात हवं. 2025 च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली आहे. जुनं खातं अजून उघडत असेल, तर स्टेटमेंट आजच उतरवून घ्या.