मगवर नावं छापून देतो म्हणाले, ७,५९० रुपये घेऊन गेले

आई-दादांच्या लग्नाला ५० वर्षं झाली म्हणून घरच्या सगळ्यांसाठी नाव घातलेले मग आणि एक मोठी फोटोफ्रेम करायची ठरलं. पोस्ट बघितली ती सोलापूरच्याच दुकानाची, पत्ता सात रस्त्याजवळचा. नियम अगदी व्यवस्थित लिहिलेले: नावांची यादी द्या, अर्धा अ‍ॅडव्हान्स भरा, प्रूफ बघा, ओके कळवा, मग उरलेले पैसे आणि मग छपाई. ओके झाल्यावर बदल नाही, रिफंड नाही. आता मला सांगा, इतकं नीट लिहिणाऱ्या माणसावर संशय कोण घेईल? नाव छापलेला मग दुसऱ्या कुणाला विकता येत नाही, त्यामुळे खरी दुकानंही हेच नियम लावतात.

२४ मग, २१० रुपयांप्रमाणे ५,०४० आणि फ्रेमचे १,३५०. एकूण ६,३९०. त्यातले ३,१९५ मी लगेच पाठवले. संध्याकाळी मेसेज आला, "ताई, रात्री ९ला यादी बंद. मशीन तुमच्यासाठी थांबवून ठेवलंय, बाकीचे आत्ताच टाका, प्रूफ लगेच पाठवतो." म्हणजे पोस्टमधला क्रमच उलटा केला, आणि तोही घड्याळ दाखवून. मी उरलेले ३,१९५ही टाकले. नंतर एका ओळखीच्या छपाईवाल्यांनी सांगितलं की उलटी छापलेली डिझाइन मगला गुंडाळून प्रेसमध्ये ठेवली की एक मग तीन-चार मिनिटांत होतो. २४ मगना दीड तास. कसली मशीन थांबवतोय हा!

आणि मग ते प्रूफ. हे आठवलं की आजही डोकं फिरतं. मगचा फोटो चकचकीत, शेजारी कॉफीच्या बिया, आणि खाली 'क्षिरसागर परिवार'. वेलांटी ऱ्हस्व. मी यादी टाईप करून पाठवली होती, त्यात 'क्षीरसागर'च होतं. ते शब्द उचलून डिझाइनमध्ये डकवले असते तर वेलांटी बदललीच नसती. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी बिघडतं, हे खरं, पण ते वेगळ्या तऱ्हेनं बिघडतं: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, जोडाक्षर फुटून पाय मोडलेलं दिसतं. इथं अक्षरं स्वच्छ, फक्त चुकीची. म्हणजे कुणीतरी मुद्दाम हातानं चुकवलं होतं. शिवाय प्रूफ एकाच मगचं, बाकी २३ नावं कुठंच नाहीत. पण घरात पाहुणे, फोन हातात, आणि आडनाव चुकलेलं दिसल्यावर माणूस आधी आडनावच दुरुस्त करायला धावणार ना?

"मुदत संपली ताई, आता दुरुस्तीला मगमागे ५० रुपये." असे १,२०० आणखी. छपाईआधी फाईलमधली वेलांटी बदलायला ना मग वाया जातो ना कागद, पण हे त्या रात्री कुणाला सुचतं? पैसे गेले, सुधारलेलं प्रूफ आलं, माझ्याकडून 'ओके' लिहून घेतलं. त्यानंतर नंबर ब्लॉक. सात रस्त्याला त्या नावाचं दुकानच नाही.

प्रूफ मागताना सगळ्या नावांचं एकत्र पान मागा. फोटोतला मग मॉकअप असतो, म्हणजे तयार फोटोवर डिझाइन चिकटवलेलं चित्र, ते कुणीही पाच मिनिटांत बनवतो. पैसे टाकताना यूपीआयवर नाव कुणाचं येतंय ते वाचा. माझ्या वेळी दुकानाचं नव्हतंच, एका माणसाचं होतं.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. पुढं पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, "ऑर्डर तुम्हीच दिली, पिन तुम्हीच टाकला, हा ग्राहकाचा वाद आहे." ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ला, फोन लावला तर विक्रेत्याचं नाव-पत्ता विचारला. तोच असता तर मी फोन कशाला केला असता? ऑनलाइन विक्रीच्या २०२०च्या नियमांत स्पष्ट आहे की वस्तू ठरल्याप्रमाणे नसेल किंवा सांगितलेल्या वेळेनंतर आली तर विक्रेत्याला पैसे परत नाकारता येत नाहीत. इथं तर वस्तूच आली नाही, पण तिथंही "तुम्ही ओके दिलंय ना?" असंच ऐकवलं. ओके डिझाइनला दिलं होतं, पैसे बुडवायला नाही! बँकेत खातेदार कोण विचारलं तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात गुन्हा दाखल झाल्यावर पत्र. गुन्हा का नाही, तर रक्कम लहान. ७,५९० लहान असतील तर साहेबांनी स्वतःच्या खिशातून द्यावेत.

चॅट एक्स्पोर्ट करून, प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक लिहून ठेवा, आणि तेही ब्लॉक व्हायच्या आधी. त्यांनी सुधारलेलं प्रूफ 'सगळ्यांसाठी डिलीट' केलंय, माझ्याकडे फक्त चुकीच्या वेलांटीचं उरलंय. तेवढंच तक्रारीला जोडलंय.