सात महिने एडीआरसीवर: झोन तीन आणि त्याचं गाठोडं

वागळे इस्टेटमध्ये आमचा छोटा कारखाना आहे. एलडीपीई प्लास्टिकची फिल्म फुगवतो. प्लास्टिक वितळवून पुढे ढकलणाऱ्या एक्स्ट्रुडरच्या बॅरलला चार हीटिंग झोन आहेत आणि त्यातल्या झोन तीननं मला वर्षानुवर्षं छळलं. सेटपॉइंट 200 अंश. स्क्रू थांबलेला असताना तापमान शहाण्यासारखं बसून राहायचं, पण स्क्रू सुरू झाला की प्लास्टिक घासलं जाऊन आतूनच उष्णता यायची. मग पारा नऊ-दहा अंश वर चढायचा, नंतर खाली घसरायचा आणि स्थिर व्हायला पंचवीस मिनिटं घ्यायचा. तोवर फिल्मची जाडी डोलत राहायची आणि तो सगळा माल भंगारात जायचा.

मे महिन्यात एका रविवारी त्या झोनचं तापमान सांभाळणारा नेहमीचा पीआयडी कंट्रोलर काढला आणि पीएलसीत, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणकात, त्याच्या जागी एडीआरसी, म्हणजे ॲक्टिव्ह डिस्टर्बन्स रिजेक्शन कंट्रोल, लिहिला. आता डिसेंबर आहे. बरं-वाईट दोन्ही बघून झालंय, म्हणून लिहितोय.

कल्पना चीनमधल्या हान जिंगछिंग यांची, 1990च्या दशकातली. यंत्राचं अचूक मॉडेल शोधत बसायचं नाही. तापमान बदलण्याचा वेग म्हणजे हीटरमुळे येणारा भाग अधिक बाकी सगळं, एवढंच मानायचं. या 'बाकी सगळं'मध्ये हवेत जाणारी उष्णता, स्क्रूचं घर्षण, विजेचा कमी-जास्त दाब, पावसाळी वारा, आपल्याला न कळलेलं जे काही असेल ते सारं एकाच गाठोड्यात बांधायचं. त्याला टोटल डिस्टर्बन्स म्हणतात. एक ऑब्झर्व्हर तापमान आणि हीटरचा टक्का बघून या गाठोड्याचं वजन सतत अजमावत राहतो, आणि कंट्रोलर तेवढंच उलटं वजन हीटरकडून मागतो. माझ्या स्क्रीनवर या अंदाजाचं नाव `z2` आहे आणि त्याचं एकक अंश प्रति सेकंद. हे एकक महत्त्वाचं आहे, पुढे कळेल का ते.

यंत्राबद्दल एकच आकडा द्यावा लागतो, `b0`. हीटर एक टक्का वाढवला तर तापमान किती वेगानं चढेल, तो हा आकडा. आमच्या झोनवर एक-एक किलोवॉटचे दोन बँड हीटर आहेत. थंड बॅरलवर पूर्ण 100 टक्के दिले तर सुरुवातीला मिनिटाला बारा अंश चढतं, म्हणजे सेकंदाला 0.2. भागिले 100, म्हणून `b0` = 0.002. त्या भागातलं लोखंड साधारण वीस किलो धरून कागदावरही हाच आकडा येतो, त्यामुळे मनाला समाधान वाटलं.

उरले दोन आकडे: कंट्रोलरचा वेग `wc` आणि ऑब्झर्व्हरचा वेग `wo`. सगळं ट्यूनिंग या दोनांवर आणण्याची सोय क्लीव्हलंड स्टेट युनिव्हर्सिटीच्या झिचियांग गाओ यांनी 2003 मध्ये मांडली. मी `wc` 0.01 घेतला, म्हणजे चारशे सेकंदांत बसायला हवं. `wo` त्याच्या चौपट, 0.04.

पहिल्याच दिवशी घोळ. थंड बॅरल, 170 अंशांचा फरक. गणितानं हीटरकडे 850 टक्के मागितले! हीटर देणार 100, पण ऑब्झर्व्हरला मी तो कच्चा 850 चा आकडाच दाखवत होतो. त्याला वाटलं, एवढी उष्णता देऊनही बॅरल इतकं हळू तापतंय म्हणजे बाहेर कुठे तरी प्रचंड गळती आहे. मग गाठोडं फुगलं, त्यानं मागणी आणखी वाढली, मागणी वाढली म्हणून गाठोडं आणखी फुगलं. 228 अंशांवर मी हातानं मेन बंद केला. चूक एका ओळीची होती: मर्यादा लावल्यानंतरचा आकडाच ऑब्झर्व्हरला द्यायचा. तेवढं केलं की हीटर मर्यादेवर अडकला असताना हिशेब फुगू न देणारं, पीआयडीत वेगळं लिहावं लागणारं अँटी-वाइंडअप आपोआप मिळतं.

दुसरा घोळ अधिक शिकवणारा होता. 200 वर पोहोचल्यावर तापमान झोके घ्यायला लागलं. वर तीन, खाली तीन, आणि एक झोका बरोबर चार मिनिटांचा. आमचे ऑपरेटर मामा म्हणाले, "साहेब, जुनंच बरं होतं की." मला ते लागलं, पण चूक नव्हतं. कारण शोधलं. हीटर बॅरलच्या बाहेर, तापमान मोजणारं थर्मोकपल लोखंडात खोल. टक्का बदलल्यावर आकडा हलायला चाळीस सेकंद जातात. ऑब्झर्व्हरला मात्र मी आत्ताचा टक्का आणि चाळीस सेकंद जुनं तापमान एकत्र दाखवत होतो. म्हणजे आज भरलेलं पाणी परवाच्या मीटरवर शोधण्यातला प्रकार. रात्री घरी बसून मार्जिन काढलं तर या आकड्यांवर लूपला सहन होणारा उशीरही जेमतेम चाळीस सेकंदच निघाला. आम्ही बरोबर उंबरठ्यावर उभे होतो.

`wo` कमी करून झोके थांबवता आले असते, पण मग सुस्ती आली असती. त्याऐवजी ऑब्झर्व्हरकडे जाणारा टक्काच चाळीस सेकंद उशिरा पाठवला. एक सेकंदाचा स्कॅन, चाळीस घरांचा बफर, बस्स. खाली `y` म्हणजे मोजलेलं तापमान, `z1` त्याचा ऑब्झर्व्हरनं धरलेला अंदाज, `r` सेटपॉइंट, `u` हीटरचा टक्का, `ud` तोच टक्का उशिरानं आणि `Ts` स्कॅनची वेळ:

```
ud := buf[k];
e  := y - z1;
z1 := z1 + Ts*(z2 + b0*ud + 2.0*wo*e);
z2 := z2 + Ts*(wo*wo*e);
u  := LIMIT(0.0, (wc*(r - z1) - z2)/b0, 100.0);
buf[k] := u;
k  := (k + 1) MOD 40;
```

झोके गेले. आता स्क्रू सुरू केला की तापमान जास्तीत जास्त चार अंश चढतं आणि सात-आठ मिनिटांत जागेवर येतं. भंगार किती कमी झालं याचा हिशेब मी ठेवला नाही, पण मामांनी परत जुन्याची आठवण काढली नाही.

इथे एक कबुली द्यायला हवी. उशिराची ती ओळ काढली तर फर्स्ट-ऑर्डरचा हा रेषीय एडीआरसी म्हणजे फिल्टर लावलेला पीआय, म्हणजे डी नसलेला पीआयडीच असतो. कागदावर मांडून पाहिलं: माझ्या आकड्यांचा अर्थ गेन 13 टक्के प्रति अंश, इंटिग्रल वेळ 150 सेकंद आणि अकरा सेकंदांचा फिल्टर. त्यामुळे जुन्या पीआयडीशी माझी तुलना थोडी अन्यायाचीच आहे. तो कधीकाळी ऑटोट्यून करून सोडून दिलेला होता. नीट बसून जुळवला असता तर त्यानंही बरंच अंतर कापलं असतं. फरक पडतो तो आकड्यांच्या अर्थानं. इंटिग्रल वेळ किती ठेवावी हे मला कधी मनातून कळलं नाही. मिनिटाला किती अंश चढतं हे मात्र मामाही सांगू शकतात.

आणि `z2` वाचता येतो. स्क्रू बंद असताना 200 अंश टिकवायला तीस टक्के हीटर लागतो, म्हणून `z2` उणे 0.06 दाखवतो. स्क्रू चालू असला की घर्षण मदतीला येतं, हीटर बारा टक्क्यांवर येतो आणि `z2` उणे 0.024 होतो. जुलैत दार उघडं ठेवून मोठा पंखा लावला तेव्हा थांबलेल्या यंत्रावर तो उणे 0.07 पर्यंत गेला. जूनमध्ये एका ऑर्डरसाठी स्क्रूचा वेग वाढवला तेव्हा `z2` चक्क अधिक झाला, 0.008, आणि हीटर शून्यावर अडकला. तरी तापमान मिनिटाला अर्ध्या अंशानं चढतच होतं. अधिक `z2` म्हणजे हीटर पूर्ण बंद करूनही बॅरल तापणार. हीटर थंड करू शकत नाही, आणि तिथे कुठलाच कंट्रोलर काही करू शकत नाही. त्या झोनला ब्लोअर बसवावा लागला.

आता तक्रार. दिवाळीच्या चार दिवसांच्या सुट्टीनंतर यंत्र सुरू केलं. झोन तीनला थंडापासून 200 ला यायला सतरा मिनिटं लागायची. त्या दिवशी त्रेचाळीस लागली. क्लॅम्प मीटर लावला तर करंट साडेआठऐवजी सव्वाचार अँपिअर. दोनातला एक बँड मेलेला होता. ट्रेंड मागे नेऊन पाहिला: सुट्टीच्या दहा दिवस आधी एका दुपारी `z2` उणे 0.024 वरून उणे 0.048 वर गेलाय आणि तिथेच सरळ रेषेत चाललाय. तापमानाच्या रेषेवर मात्र चार-पाच मिनिटांचा एक छोटा खळगा, की पुन्हा 200. दहा दिवस आम्ही अर्ध्या हीटरवर माल काढत होतो आणि कोणाला पत्ता नव्हता.

दोष कंट्रोलरचा म्हणावा का? त्यानं सांगितलेलं कामच चोख केलं. हीटर अर्धा झाला म्हणजे खरा `b0` अर्धा झाला, पण त्याच्या हिशेबात `b0` बदलतच नाही. म्हणून अर्धी झालेली ताकद त्याला दुप्पट झालेली गळती दिसली, आणि ती त्यानं मुकाट्यानं भरून काढली. पीआयडीनंही हेच झाकलं असतं. स्थिर अवस्थेत `z2` म्हणजे उणे `b0` गुणिले हीटरचा टक्का, त्यात जादू काही नाही. पण तेव्हा टक्क्याकडे कोणी बघत नव्हतं, आणि `z2` स्क्रीनवर असूनही मी बघत नव्हतो. तो राग माझ्यावरच आहे.

नंतर अलार्म लावला. स्क्रू बंद असताना `z2` उणे 0.09 च्या खाली, किंवा स्क्रू चालू असताना उणे 0.036 च्या खाली, सलग दहा मिनिटं राहिला तर पिवळा दिवा. दोन वेगळे आकडे ठेवावेच लागतात, नाहीतर चालू यंत्रावर बँड मेला तरी उणे 0.048 हा आकडा थांबलेल्या यंत्राच्या निरोगी उणे 0.06 पेक्षाही बरा दिसतो. संध्याकाळी विजेचा दाब 230 वरून 210 वर येतो तेव्हा हीटरची ताकद सतरा टक्के घटते, पण थांबलेल्या यंत्रावर `z2` उणे 0.072 च्या आसपासच थांबतो. त्यानं दिवा लागत नाही.

दिवा लागला तर काय बिघडलंय हे मात्र तो सांगत नाही. मेलेला बँड, हीटर चालू-बंद करणारा पण अडखळणारा एसएसआर, उघडं दार, सगळं एकाच गाठोड्यात असतं, आणि गाठोडं सोडायला क्लॅम्प मीटर घेऊन माणसालाच जावं लागतं.

कोणाला करून बघायचं असेल तर `b0` बद्दल शंका असल्यास मोठा धरा. मोठा धरला तर सुस्ती येते, लहान धरला तर झोके येतात. थर्मोकपलचा आकडा थरथरत असेल तर `wo` वाढवायचा मोह आवरा. मी एकदा 0.2 करून पाहिला तर तापमान 0.1 अंश हललं की हीटर पाच टक्के उडी मारत होता.

झोन एक, दोन आणि चार अजून पीआयडीवरच आहेत. एक आणि दोन कुरकुर करत नाहीत, त्यांना हात लावणार नाही. चार डायच्या तोंडाशी आहे आणि तिथे उशीर किती ते मोजायचं बाकी आहे. येत्या रविवारी टक्का वीसनं वाढवून स्टॉपवॉच घेऊन बसणार आहे.