एकच आकडा की तीन पॅकेज? किचनचं कोटेशन देताना

रुईकर कॉलनीतल्या एका फ्लॅटच्या किचनचं कोटेशन द्यायचंय असं धरू. सगळीकडे मरीन प्लाय, लॅमिनेट, सॉफ्ट-क्लोज बिजागऱ्या, किंमत २.१० लाख, त्यात नफा ४५ हजार.

एकच आकडा पाठवला, की गिऱ्हाईक तो दुसऱ्या सुताराच्या १.८० लाखांशेजारी ठेवतं. त्याचा प्लाय कुठला, हे कुणी विचारत नाही. फोन येतो, "जरा कमी करा की." १५ हजार सोडले तर नफ्यातला तिसरा हिस्सा गेला.

तेच किचन तीन पॅकेजमध्ये मांडा. साधं १.६० लाख: सिंकखाली मरीन, बाकी कमर्शियल प्लाय, साध्या बिजागऱ्या. मधलं वरचंच, २.१० लाख. सगळ्यात भारी ३.१० लाख: अ‍ॅक्रिलिक शटर, टँडम ड्रॉवर, उंच पॅन्ट्री. आता २.१० ची तुलना आधी ३.१० शी होते. स्वस्तातलं घेऊन पस्तावायला नको आणि उगाच जास्तही जायला नको, म्हणून बरेच जण मधल्यावर थांबतात. सायमन्सन आणि ट्वर्स्की या संशोधकांनी १९९२ मध्ये हे कॅमेऱ्यांवर दाखवलं. १७० आणि २४० डॉलरचे दोनच कॅमेरे ठेवले तेव्हा पसंती निम्मी-निम्मी होती. ४७० चा तिसरा ठेवल्यावर मधला ५७ टक्क्यांनी निवडला, स्वस्त २२ टक्क्यांवर आला.

घासाघीस तीन पॅकेजमध्येही होते, पण तिचा विषय बदलतो. "१.९५ मध्ये बसवा" म्हटलं, तर "मग बिजागऱ्या साध्या लावू आणि वरच्या कपाटांना कमर्शियल प्लाय" असं उत्तर देता येतं. पैशाबरोबर वस्तूही कमी होते.

माझा कौल तीन पॅकेजना आहे, पण एका अटीवर: साधं पॅकेजही आपण आपल्या घरात लावू असं हवं. मधलं उठून दिसावं म्हणून सिंकखालीही कमर्शियल प्लाय घातला, तर तो पाण्यानं फुगतो आणि दार लागेनासं होतं. ते पॅकेजही कुणीतरी घेणारच, आणि नाव आपलंच जातं.

अंतरंही जपावीत. साधं २ लाखांवर नेलं तर दहा हजारांसाठी ते कुणी घेत नाही, आणि कमी बजेटवाला थेट दुसरीकडे जातो. भारी ६ लाखांवर नेलं तर ते केवळ दाखवायला ठेवलंय हे लगेच कळतं. ओळीनं सगळे साधंच घेत असतील, तर ५० हजार जास्त कशाचे, हे कोटेशनमध्ये नीट लिहिलेलं नाही असं समजावं.

दुरुस्तीचं काम असेल किंवा आर्किटेक्टनं प्लायपासून हँडलपर्यंत सगळं ठरवून दिलं असेल, तर मात्र एकच आकडा द्यावा. तिथं निवडायला काही उरलेलंच नसतं, आणि तीन रकाने बघून समोरचा फक्त वैतागतो.