गोड्या मसाल्याच्या पाकिटावर काय लिहावं: काळा, गोडा, माजघर की आमटी?

आमच्या घरी बायको आणि वहिनी मिळून गोडा मसाला करून विकतात. पुण्यात तो बरण्यांतून जायचा, त्यामुळे नावाची गरजच पडली नाही. परदेशातून मागणी यायला लागली तेव्हा पाकीट आलं आणि पाकिटामागून नावाचा प्रश्न आला. तुम्हीही तिथंच अडला असाल तर आमच्याकडे शेवटपर्यंत टिकलेली चार नावं आणि त्यांचा अनुभव सांगतो. मसाल्यात काय असतं ते तुम्हाला ठाऊकच आहे.

‘काळा मसाला’ हे नाव सर्वांत आधी सुचलं, कारण माझी आई त्याला काळाच म्हणायची. खमंग भाजलेलं खोबरं आणि दगडफूल यांचा रंग पाहिला की नाव पटतंही. पण महाराष्ट्रात काळा मसाला एक नाही. मराठवाड्यात, नगर-सोलापूरकडे काळा म्हणजे चांगला तिखट, आणि बऱ्याच घरी त्यात कांदा-लसूणही असतो. लंडनमध्ये राहणाऱ्या, मूळ लातूरच्या एका बाईंनी आमचं पाकीट मागवलं, मटणाला वापरलं आणि कळवलं, “मसाला ताजा आहे, पण हा आमचा काळा नव्हे.” त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. ज्या चवीची आठवण काढून त्यांनी पैसे मोजले, ती चव पाकिटात नव्हतीच. त्यानंतर आम्ही हे नाव सोडलं. तुमचा मसाला खरोखर त्या बाजूचा, तिखट असेल तर मात्र याहून चांगलं नाव नाही.

‘गोडा मसाला’, त्याआधी घरचं आडनाव, हा सरळ मार्ग. ज्याला हवंय त्याला लगेच कळतं. शोधणाराही हेच शब्द टाकतो. फक्त ते रोमन लिपीत गेलं की ड हरवतो. न्यू जर्सीतल्या माझ्या मावसबहिणीचा अकरा वर्षांचा मुलगा पाकिटावरचं Goda बघून ‘गोदा’ म्हणाला. मराठी न येणाऱ्या माणसाला अर्थ सांगायला जावं तर तो ‘गोड’ एवढंच धरतो आणि यात साखर आहे का विचारतो. इथं गोडा म्हणजे तिखटजाळ नसलेला, दालचिनी-वेलचीच्या अंगाचा, हे एका शब्दात त्याच्यापर्यंत पोचत नाही. तरी एवढ्यावरून मी हे नाव बाजूला ठेवलं नसतं.

माझा निर्णय झाला तो दुसऱ्याच एका त्रासामुळे. परदेशातल्या घरांतून रोज स्वयंपाक करणारी व्यक्ती मराठीच असेल असं आता नाही. मावसबहिणीच्या घरी संध्याकाळचं जेवण तिचे यजमान करतात, ते गुजराती. त्यांनी डाळ शिजवली, फोडणी दिली, गॅस बंद केला आणि वरून गरम मसाला भुरभुरावा तसा आमचा मसाला अर्धा चमचा घातला. डाळीवर धन्याचा कोरडा, कच्चट वास राहिला. बहिणीनं फोन केला, “दादा, या वेळचा मसाला नीट भाजला नव्हता का?” भाजणीत काही कमी नव्हतं. डाळीबरोबर मसाला उकळलाच नव्हता. एक वाटी तुरीच्या डाळीला दीड चहाचा चमचा मसाला, चिंच-गुळाबरोबरच घालायचा आणि पाच-सात मिनिटं मंद उकळायचं, तेव्हा कुठे आमटीचा वास घरभर होतो. हे मी त्यांना सांगितलं, मग कॅलिफोर्नियात एका सुनेला सांगितलं, मग आणखी कुणाला. पाठीमागे कृती छापलेली असूनही दर आठ-पंधरा दिवसांनी तोच निरोप यायचा: हा नेमका कशात आणि कधी घालायचा? मसाला डब्यात काढला की पाकीट केराच्या टोपलीत जातं. डब्यावर उरतं ते नाव.

‘माजघर’ आमच्या घरात सगळ्यांचं लाडकं होतं, वहिनीचं तर फारच. साठीच्या पुढच्या लोकांना शब्द ऐकताच वाडा आठवतो, हे मी पाहिलं आहे. कायद्याच्या बाजूनंही ते भक्कम. आपल्या १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम ९ असं सांगतं की जे शब्द केवळ मालाचं वर्णन करतात त्यांची नोंदणी होत नाही. म्हणजे नुसतं ‘गोडा मसाला’ कुणालाच स्वतःचं म्हणून मिळायचं नाही. ‘माजघर’ हे मसाल्याचं वर्णन नाही, त्यामुळे आधी कुणी घेतलेलं नसेल तर मिळू शकतं. पण फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलांना माजघर म्हणजे काय ते आधी सांगावं लागतं, आणि सांगून झाल्यावरही डब्यात काय आहे हे कळत नाहीच. नमुन्याची पाकिटं दिली होती त्यातली दोन घरं मला आठवतात. नावाचं तोंडभर कौतुक झालं, सहा महिन्यांनी विचारलं तर पाकीट कपाटात अर्धं तसंच.

मग आम्ही ‘आमटी’ असं नाव केलं. वर मोठ्या अक्षरांत आमटी, खाली ‘गोडा मसाला’, त्याखाली इंग्रजीत पदार्थ काय आहे ते. ही इंग्रजी ओळ अमेरिकेला पाठवायचं तर दर्शनी बाजूला लागतेच, म्हणून तीन अक्षरांचं नाव सोयीचं पडलं. मागच्या बाजूला तीळ स्पष्ट लिहावे लागतात, कारण १ जानेवारी २०२३ पासून तिकडे ते ॲलर्जीच्या यादीत आहेत. हिंगात गव्हाचं पीठ असेल तर तेही लिहावं लागतं. मावसबहिणीच्या यजमानांनी नव्या पाकिटावरचं नाव वाचून पहिला प्रश्न विचारला, “आमटी कशी करतात?” मला हाच प्रश्न हवा होता. डाळ, चिंच, गूळ, मसाला हा क्रम त्यातूनच पुढे आला.

यात उणं नाही असं म्हणत नाही. दोघींनी विचारलं की मग मसालेभाताला आणि भरल्या वांग्याला दुसरा मसाला घ्यायचा का. त्यासाठी मागे या दोन्ही पदार्थांची नावं मोठी छापली. काहींना वाटलं, यात मीठ-तिखट सगळं आलं. आणि मसाल्याच्या पाकिटावर ‘आमटी’ हाही वर्णनाचाच शब्द, म्हणून नोंदणीसाठी आम्ही आडनाव जोडून अर्ज करायचं ठरवलं आहे. वकिलाला विचारल्याशिवाय तुम्ही माझ्या शब्दावर जाऊ नका.

‘अस्सल’ आणि ‘पारंपरिक’ ही जोडही आम्ही काढून टाकली. आमच्या मूळ प्रमाणात खसखस आहे, आणि दुबई-सिंगापूरला खसखस नेता येत नाही. तिकडच्या पाकिटासाठी ती वगळली, मग त्यावर ‘अस्सल’ लिहिताना वहिनीचं मन धजेना.

तुमचे सगळे ग्राहक पुण्या-नाशिकहून गेलेले आणि स्वतः स्वयंपाक करणारे असतील तर ‘गोडा मसाला’ पुरेल, उगाच खर्च करू नका. स्वयंपाकघरात दुसऱ्या भाषेचा हात असेल तर मी आमटीकडे झुकेन. स्पेलिंग मात्र पहिल्या दिवशीच पक्कं करा. आम्ही Aamti ठेवलं, कारण Amti लिहिलेलं पाकीट त्याच भाच्यानं ‘ॲम्टी’ असं वाचलं होतं. छपाईला देण्याआधी मराठी न येणाऱ्या कुणाला तरी नुसता फोटो पाठवा, मोठ्यानं वाचायला सांगा आणि हे कशात घालाल ते विचारा. आम्ही ते पाचशे पाकिटं छापून झाल्यावर केलं.